मुंबईचा पावसाळी वारा, आणि विमान उतरणार की अहमदाबादला जाणार हे आधी कसं ठरतं

प्रश्न: वैमानिक हवामानाचे अहवाल नेमके कसे वाचतात? त्यात हवेतले हादरे आणि आडवा वारा यांना एवढं महत्त्व का? जुलैमध्ये दिल्लीहून मुंबईला येताना आमचं विमान अर्धा तास घिरट्या घालून अहमदाबादला गेलं, आणि मुंबईत तर तेव्हा नुसता पाऊस होता.

मुंबईचा पावसाळा डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतो, कारण अहवालातला जवळपास प्रत्येक शब्द तिथे कामाला येतो. दुपारी साडेतीनला दिल्लीहून निघून साडेपाचला मुंबईत पोहोचणारं एअरबस ए320 धरू. खाली दिलेले अहवाल नमुन्याचे आहेत, पण जुलैतल्या एखाद्या नेहमीच्या दुपारी असेच दिसतात.

निघायच्या तासभर आधी वैमानिकांच्या हातात कागदांचा किंवा टॅबलेटवरचा एक गठ्ठा येतो. त्यात मुंबईचा आत्ताचा अहवाल असतो. त्याला मेटार म्हणतात, आणि मुंबईसारख्या विमानतळावर तो दर अर्ध्या तासाने निघतो.

```
METAR VABB 150830Z 23016KT 3000 -RA SCT012 BKN025 OVC080 28/26 Q1001 NOSIG=
```

VABB म्हणजे मुंबई. 15 तारीख, वेळ 0830 झुलू, म्हणजे जागतिक वेळ. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारचे दोन. हा साडेपाच तासांचा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असावा लागतो. पुढे भाकितात वेळा येतात तेव्हा एका तासाची चूकही वादळात नेऊन सोडते.

पुढचा गट वाऱ्याचा: 230 अंशांकडून, 16 नॉट. नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर. मग दृश्यमानता 3,000 मीटर, हलका पाऊस, ढगांचे तीन थर 1,200, 2,500 आणि 8,000 फुटांवर, तापमान 28, दवबिंदू 26, दाब 1001 हेक्टोपास्कल, आणि शेवटी पुढच्या दोन तासांत मोठा बदल अपेक्षित नाही अशी नोंद. ढग, तापमान, दाब यावर मी इथे थांबत नाही. वाऱ्याच्या गटावर मात्र थांबायला हवं, कारण हा पाच-सात अक्षरांचा गट वरवर वाचला तर फसवतो.

पहिली गोष्ट म्हणजे ते 16 नॉट ही दहा मिनिटांची सरासरी आहे. झोत वेगळा लिहायचा की नाही, याचा नियम असा की सरासरीपेक्षा निदान 10 नॉटने जास्त असेल तरच तो अहवालात येतो. म्हणजे मधूनमधून 25 नॉटचे झोत येत असले तरी फरक 9 चाच भरतो आणि कागदावर नुसतं 23016KT दिसतं. झोत लिहिलेला नाही म्हणून वारा एकसारखा आहे असं धरणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात पाऊस चालू असताना 16 लिहिलेलं दिसलं की मनात 25 धरूनच पुढे जायचं.

दुसरी गोष्ट दिशेची. छापील अहवालातली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते आणि टॉवरवरून ऐकू येणारी चुंबकीय उत्तरेपासून. धावपट्टीचा आकडाही चुंबकीय असतो. मुंबईत या दोन उत्तरांमध्ये जेमतेम एक अंशाचाही फरक नाही, म्हणून आपल्याकडे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कॅनडाच्या उत्तरेला मात्र तोच फरक इतका मोठा असतो की आधी दुरुस्ती केल्याशिवाय आडव्या वाऱ्याचा हिशेबच करता येत नाही. शिवाय टॉवरचा वारा दोन मिनिटांच्या सरासरीचा असतो. अहवालात 230 अंशांवरून 16 आणि उतरताना टॉवर सांगतो 210 वरून 21, तेव्हा दोघांपैकी कुणी चुकलेलं नसतं. सरासरीची खिडकी वेगळ्या मापाची आहे, एवढंच.

आता दुसरा कागद, भाकिताचा. याला टाफ म्हणतात.

```
TAF VABB 150500Z 1506/1612 23016KT 3000 RA SCT012 BKN025
  TEMPO 1510/1514 20022G36KT 1000 +TSRA SCT008 FEW025CB BKN080=
```

हे भाकीत 15 तारखेच्या 0600 पासून 16 तारखेच्या 1200 पर्यंतचं, म्हणजे तीस तासांचं आहे. पहिली ओळ मूळ परिस्थितीची, आणि ती आत्ताच्या अहवालाशी जुळते. खरा मजकूर दुसऱ्या ओळीत आहे. 1510/1514 म्हणजे 1000 ते 1400 झुलू, आपल्या घड्याळात साडेतीन ते साडेसात. त्या वेळात मधूनमधून गडगडाटासह जोरदार पाऊस आणि 1,000 मीटर दृश्यमानता. आपलं विमान साडेपाचला पोहोचतंय, म्हणजे नेमकं या खिडकीच्या मध्यावर.

TEMPO या शब्दाचा अर्थ "तात्पुरतं" एवढाच घेतला तर हिशेब अर्धाच राहतो. त्याची व्याख्या ठरलेली आहे. असा प्रत्येक टप्पा एका तासापेक्षा कमी टिकेल, आणि सगळे टप्पे मिळून दिलेल्या मुदतीच्या निम्म्यापेक्षा कमी वेळ व्यापतील. इथे मुदत चार तासांची, म्हणजे दोन तासांहून कमी वेळ हवा बिघडलेली असेल आणि एका खेपेला तासभराहून कमी. वैमानिकाला यातून सरळ उत्तर मिळतं. पोहोचू तेव्हा मुंबई बंद असू शकते, पण तासाभरात उघडेल. मग किती वेळ थांबण्याइतकं इंधन न्यायचं, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. त्याकडे वळण्याआधी मुंबई बंद होते म्हणजे नेमकं कशामुळे, हे पाहायला हवं. उतरायला एक किलोमीटरची दृश्यमानता पुरेशी असते. उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या साध्या, पहिल्या श्रेणीच्या पद्धतीनेही 550 मीटरपर्यंत चालतं. आठशे फुटांवर तर ढगांचे तुकडेच आहेत. अडतं ते वाऱ्यावर.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. मोठी 09/27, साधारण 3.4 किलोमीटर लांब, जवळपास पूर्व-पश्चिम. दुसरी 14/32, साधारण 2.9 किलोमीटरची, आग्नेय-वायव्य. धावपट्टीच्या आकड्यापुढे शून्य लावलं की साधारण दिशा मिळते. 27 म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे तोंड.

आडवा वारा काढायची पद्धत अशी. वाऱ्याची दिशा आणि धावपट्टीची दिशा यांतला कोन काढायचा. वाऱ्याच्या वेगाला त्या कोनाच्या साइनने गुणलं की आडवा भाग मिळतो, कोसाइनने गुणलं की समोरचा. कॉकपिटमध्ये त्रिकोणमिती करत बसायला वेळ नसतो, म्हणून घड्याळाची युक्ती वापरतात. कोन 15 अंश असेल तर घड्याळातली पंधरा मिनिटं म्हणजे पाव तास, तसा पाव वारा आडवा. 30 अंशांना अर्धा, 45 ला पाऊण, आणि 60 किंवा त्याहून जास्त कोन असेल तर सगळाच वारा आडवा धरायचा. उत्तर किंचित जास्त येतं, आणि चूक होणारच असेल तर ती त्या बाजूला झालेली बरी.

आत्ताचा वारा 230 वरून 16. धावपट्टी 27 शी कोन 40 अंश. आडवा भाग सुमारे 10 नॉट, समोरचा 12. प्रवाशांना जाणवणारही नाही असं उतरणं. आता भाकितातला टप्पा घ्या: 200 अंशांवरून 22, झोत 36. कोन एकदम 70 अंशांचा झाला. आडवा भाग 21 नॉट, झोतात 34. समोरचा वारा उरला जेमतेम सात-आठ. वारा वाढला त्याहून जास्त नुकसान तो दक्षिणेकडे वळल्यामुळे झालं. वेग वाढूनही दिशा 230 च राहिली असती तर 36 च्या झोतातही आडवा भाग 23 वर थांबला असता. म्हणून टाफ वाचताना आधी दिशेचे तीन आकडे पाहायचे आणि मग वेगाचे.

मग दुसरी धावपट्टी का नाही वापरायची? धावपट्टी 14 ची दिशा सुमारे 136 अंश. 200 शी कोन 64 अंश. झोतात आडवा भाग 32 नॉट. म्हणजे दोन नॉट वाचवण्यासाठी अर्धा किलोमीटर धावपट्टी गमवायची, तीही ओली असताना. उलट दिशांनी उतरायचं म्हटलं तर वारा पाठीमागून येतो. दक्षिणेकडून येणारा जोराचा वारा ही मुंबईची दुखरी जागा आहे, कारण दोन्हींपैकी एकही धावपट्टी त्याच्याकडे तोंड करून नाही. नवी मुंबईची धावपट्टीही जवळपास पूर्व-पश्चिमच आहे आणि अंतर इतकं कमी की बहुतेकदा तोच पाऊस दोन्हीकडे असतो. त्यामुळे या विशिष्ट अडचणीवर तो विमानतळ उपाय ठरत नाही.

ए320 उतरताना 33 नॉट, झोतासह 38 नॉट आडव्या वाऱ्यात चाचणी देऊन दाखवलेलं विमान आहे. मग 34 का चालू नये? कारण तो आकडा चाकांना पकड असलेल्या धावपट्टीचा आहे. हवेत असताना विमान आडव्या वाऱ्याला खेकड्यासारखं तिरकं होऊन तोंड देतं. उतरतानाचा वेग 140 नॉट आणि आडवा वारा 21 असेल तर नाक सुमारे नऊ अंश वाऱ्याकडे वळलेलं असतं. पश्चिमेकडे उतरताना दक्षिणेचा वारा डावीकडून येतो, म्हणून नाक डावीकडे. वैमानिकाला धावपट्टी समोरच्या काचेच्या मध्यावर न दिसता उजवीकडे दिसते. जमिनीला टेकण्याच्या क्षणभर आधी शेपटीवरची उभी हलती फळी, म्हणजे रडर, उजवीकडे देऊन नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी डावा पंख किंचित खाली ठेवायचा, नाहीतर वारा विमानाला उजवीकडे ढकलतो. ही सगळी हालचाल दोन-तीन सेकंदांची असते. त्यातच 21 चा वारा 34 झाला की आत्ताच दिलेला रडर कमी पडतो.

टेकल्यानंतरचा भाग त्याहून नाजूक. विमानाची उभी शेपटी वारादर्शक कोंबड्यासारखी वागते आणि नाक पुन्हा वाऱ्याकडे वळवू पाहते. त्याला धरून ठेवतं ते रडर आणि चाकांची पकड. वेग कमी होतो तसा रडरचा जोर ओसरतो आणि भार चाकांवर येतो. धावपट्टीवर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलेलं असेल तर चाकं पाण्यावर तरंगतात आणि पकड उरतच नाही. अशा वेळी नाक वाऱ्याकडे वळलेलं असताना इंजिनांचा उलटा जोर लावला, तर तो जोर विमानाला मागे ओढतो आणि शिवाय वाऱ्याच्या पलीकडच्या कडेला सरकवतो. उपाय मनाविरुद्ध वाटणारा आहे. थांबायची घाई असताना उलटा जोर कमी करायचा, ब्रेक सोडायचे, विमान मध्यरेषेवर आणायचं आणि मग दोन्ही पुन्हा लावायचे. म्हणूनच साचलेल्या पाण्यात ए320 च्या तक्त्यातली आडव्या वाऱ्याची मर्यादा 20 नॉटपर्यंत खाली येते, आणि बऱ्याच कंपन्या स्वतःच्या नियमांत ती आणखी कमी ठेवतात. सहवैमानिकासाठीची मर्यादा तर वेगळीच.

तुम्ही म्हणता तो "नुसता पाऊस" इथे येऊन बसतो. जोरदार सरीत 34 चा झोत आणि साचलेलं पाणी एकत्र आले की उतरायचं नाही, हे दिल्लीत दुपारी अडीच वाजताच कागदावर ठरलेलं असतं. 1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं. विमान काढून धावपट्टी पुन्हा सुरू व्हायला काही दिवस लागले आणि सगळी वाहतूक छोट्या धावपट्टीवर आली. त्या दिवसांत ऐन मोसमी वाऱ्यात निवडीला दुसरी धावपट्टीच नव्हती.

आता हादरे. मुंबईच्या या फेरीसाठी तिसरा कागद महत्त्वाचा, धोक्याच्या हवामानाच्या इशाऱ्याचा. त्याला सिग्मेट म्हणतात. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथली हवामान निरीक्षण कार्यालयं आपापल्या हवाई क्षेत्रासाठी तो काढतात.

```
VABF SIGMET 2 VALID 150900/151300 VABB-
VABF MUMBAI FIR EMBD TS OBS WI N1830 E07300 - N2100 E07300 -
N2100 E07500 - N1830 E07500 - N1830 E07300
TOP FL480 MOV W 05KT INTSF=
```

दुपारी अडीच ते साडेसहा, मुंबईच्या पूर्वेला साधारण पुणे-नाशिक धरून एक चौकोन, त्यात गडगडाटी ढग, माथे 48,000 फुटांवर, सरकताहेत पश्चिमेकडे, जोर वाढतोय. सगळ्यात घातक शब्द EMBD. याचा अर्थ हे ढग इतर ढगांच्या पोटात दडलेले आहेत. वळवाच्या दिवसांत गडगडाटी ढग, म्हणजे क्युम्युलोनिंबस, एकटा उभा दिसतो, त्याला वळसा घालता येतो. जुलैत सगळं आभाळच भरलेलं असतं आणि डोळ्यांना नुसता राखाडी पडदा दिसतो.

अशा ढगात वर जाणारा आणि खाली येणारा प्रवाह एकमेकांना खेटून असतात. विमान एकातून दुसऱ्यात शिरतं तेव्हा पंखांवरचा भार अचानक बदलतो. किती अचानक, याचं नोंदलेलं उदाहरण म्हणजे 21 मे 2024 ची लंडन-सिंगापूर फेरी. म्यानमारवरून 37,000 फुटांवर जाताना त्या विमानाचा उभा त्वरण भार अधिक 1.35 जी वरून उणे 1.5 जी वर गेला, तोही 0.6 सेकंदात. एक जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. उणे म्हणजे पट्टा न लावलेली माणसं छताकडे फेकली गेली. पुढच्या चार सेकंदांत भार पुन्हा अधिक 1.5 वर आला, म्हणजे तीच माणसं खाली आदळली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. एवढ्या काळात विमान खाली आलं होतं फक्त 178 फूट. विमानाला बहुतेकदा काही होत नाही, माणसांना होतं. सिंगापूरच्या तपासयंत्रणेने प्राथमिक निष्कर्षात म्हटलं की तिथे खाली ढगांची वाढ चालू असलेला भाग असावा.

वाढ चालू असलेला ढग हाच रडारचा आंधळा कोपरा आहे. विमानाच्या नाकातलं रडार पाण्याचे थेंब पाहतं. ढगाच्या वरच्या भागात सगळं गोठलेलं असतं, आणि कोरडे हिमकण रडारला फारसं परावर्तन देत नाहीत. 37,000 फुटांवरून रडार सरळ समोर ठेवलं तर पडदा हिरवा किंवा रिकामाच दिसतो आणि खाली 20,000 फुटांवर पाण्याने भरलेलं पोट उकळत असतं. म्हणून रडारचं तोंड खाली झुकवून, गोठणबिंदूच्या आसपासचा भाग पाहून ढगाची ताकद जोखतात. ढगाच्या कडेपासून 20 सागरी मैल, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर, लांबून जाण्याचा नियम पाळला जातो. वाऱ्याच्या वरच्या बाजूने वळसा घालायचा. खालच्या बाजूला ढगाने फेकलेली खळबळ आणि गारा असतात.

नियोजनात याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. एक, वळशाचं इंधन. चौकोनाला वळसा म्हणजे पाच ते दहा मिनिटं वाढतात. दोन, उंची. दिल्लीहून मुंबईकडे जाताना दिशा नैर्ऋत्येची, म्हणून सम आकड्यांच्या पातळ्या मिळतात: 32,000, 34,000, 36,000 फूट. हलकं विमान वरून गेलं की इंधन वाचतं. पण विमान जितकं आपल्या कमाल उंचीच्या जवळ, तितकी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सुरक्षित वेग यांतली जागा अरुंद होते. हादऱ्यात वेग खालीवर होतो, आणि अरुंद जागेत तो कुठल्यातरी कडेला लागतो. म्हणून खळबळ अपेक्षित असेल तर कमाल उंचीच्या एक पायरी खालून जायचं, इंधन थोडं जास्त जळलं तरी. हादऱ्यात शिरण्यापूर्वी वेगही ठरलेल्या आकड्यावर आणायचा. ए320 साठी वरच्या उंचीवर तो ध्वनीच्या वेगाच्या 0.76 पट. केबिनमधल्या लोकांना "साधारण पाच वाजल्यापासून बसून राहा, चहाच्या गाड्या आत" असं निघतानाच सांगितलं जातं, ते याच सिग्मेटवरून.

हिवाळ्यात याच मार्गावर ढग नसतातच, तरी विमान हादरतं. तेव्हा कारण वेगळं असतं. उत्तर भारतावरून 35,000 ते 40,000 फुटांच्या आसपास पश्चिमेकडून जेट प्रवाह वाहतो, 100 नॉटच्या वर. त्याच्या कडेला वाऱ्याचा वेग उंचीनुसार झपाट्याने बदलतो आणि तिथे हवा घुसळली जाते. रडारला दिसायला पाणीच नाही. इथे आपण नकाशावर आणि उड्डाण योजनेत प्रत्येक टप्प्याचा वारा पाहतो. हजार फुटांमागे पाच-सहा नॉटचा फरक दिसला की तिथे हादरे धरायचे. बाकी भरवसा पुढे गेलेल्या विमानांच्या सांगण्यावर. त्यातही एक पथ्य आहे. "मध्यम" हा शब्द विमानाच्या वजनाशी बांधलेला असतो. मोठ्या बोइंग 777 ने मध्यम म्हटलेला पट्टा छोट्या एटीआर विमानाला तीव्र वाटू शकतो. म्हणून आता हवेच्या घुसळणीचं विमानावर अवलंबून नसलेलं माप वापरतात, ईडीआर नावाचं. 0.20 पासून मध्यम, 0.45 पासून तीव्र.

जुलैच्या फेरीकडे परत येऊ. मुंबईत सर येऊन गेली की ती वीस ते चाळीस मिनिटांत ओसरते, असा अंदाज बांधून कॅप्टन चाळीस मिनिटं घिरट्यांचं जादा इंधन मागतो. घिरट्यांत ए320 मिनिटाला सुमारे 40 किलो जाळतं, म्हणजे 1,600 किलो. वळशासाठी आणखी 400 धरा. दोन तासांचं का नाही नेत? जादा इंधन वाहायलाही इंधन लागतं, पण खरं कारण वजन. विमान जड तर उतरायचा वेग जास्त, आणि ओल्या धावपट्टीवर थांबायला जागा जास्त लागते. वादळासाठी भरलेलं इंधन वादळातलंच उतरणं अवघड करतं. ही तडजोड प्रत्येक पावसाळी फेरीत करावी लागते आणि तिचं एकच बरोबर उत्तर नसतं.

पर्यायी विमानतळ निवडताना जवळचा पाहून भागत नाही. गोव्याचं नाव आधी सुचतं. पण पावसाळ्यात दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्यालगत कमी दाबाचा एकच लांब पट्टा तयार होतो, आणि मुंबईला झोडपणारी हवा कोकण-गोव्यालाही झोडपत असण्याची शक्यता मोठी. अहमदाबाद किनाऱ्यापासून आत आहे. त्या दिवशी तिथला टाफ स्वच्छ असेल तर तो पर्याय लिहिला जातो. हवेत साधारण पाऊण तास. त्याचं इंधन वेगळं बाजूला ठेवायचं, आणि त्याखाली अर्ध्या तासाचा अखेरचा साठा, ज्याला हात लावायचा नाही.

यातून एक आकडा निघतो: मुंबईवर असताना इंधन इतकं उरलं की अहमदाबादला निघायचं. तो निघण्याआधीच कागदावर लिहिलेला असतो. साडेपाचला पोहोचल्यावर घिरट्या सुरू झाल्या तर सहा दहाला तो आकडा येतो. सहा दहाला मुंबईचा पाऊस थांबत आलेला दिसत असला, पुढचं विमान सहा वीसला उतरणार असलं, तरी निघावंच लागतं. आणखी दहा मिनिटं थांबून वारा पडला नाही तर अहमदाबाद हातातून गेलेलं असतं आणि समोर फक्त 34 नॉटच्या झोतातली ओली धावपट्टी उरते. प्रवाशांना चिडवणारा हा निर्णय त्या क्षणी घेतलेला नसतो, त्या क्षणी फक्त पाळलेला असतो.

आणि सर आधीच ओसरली तर? समजा पाच पन्नासला टॉवर सांगतो की वारा 230 वरून 16, पाऊस हलका. वाऱ्याचा हिशेब पुन्हा 10 नॉटवर आला. तरी एक गोष्ट विचारायची राहते: धावपट्टीवर पाणी किती? धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला संकेतांक देतात. 5 म्हणजे नुसती ओली, 2 म्हणजे पाणी साचलेलं. उत्तर 5/2/2 आलं तर सुरुवातीला पकड मिळेल, पण जिथे ब्रेक लावायचे तिथे ती नसेल. 10 नॉटचा आडवा वारा 20 च्या मर्यादेत बसतो. पण मधल्या आणि शेवटच्या भागात साचलेल्या पाण्यावर थांबायला किती अंतर लागेल, हे तक्त्यातून पुन्हा काढावं लागतं, आणि ते 3.4 किलोमीटरमध्ये राखीव अंतरासह बसलं तरच खाली यायचं. 5/5/5 आलं की चाकं खाली घेऊन शेवटच्या टप्प्याला लागायचं.